माइंड मॅपच्या स्क्रीनशॉटवरून आउटलाइन: एकही फांदी जागा न सोडता

माइंड मॅपचा स्क्रीनशॉट हाती येतो आणि त्यातलं सगळं ओळीखाली ओळ, आत सरकवून लिहून हवं असतं. काम सोपं वाटतं, कारण शब्द तर समोर दिसत असतात. पण माइंड मॅपमधला अर्धा अर्थ शब्दांत नसतो, रेघांत असतो. ‘मुदत’ एवढंच लिहिलेल्या चौकटीला स्वतःचा असा अर्थ नाही. ती कशाची मुदत, हे तिच्याकडे येणारी रेघ सांगते. शब्द अचूक उतरवले आणि रेघ चुकली, तर आउटलाइन दिसायला नीटनेटकी आणि अर्थाने चुकीची होते, आणि वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग उरत नाही.

सुरुवातीलाच एक विचारून घ्यावं: मूळ फाइल मिळेल का? फ्रीमाइंड किंवा फ्रीप्लेनची `.mm` फाइल आतून साधा मजकूरच असते. तिथे प्रत्येक चौकट तिच्या वरच्या चौकटीच्या पोटात लिहिलेली असते, त्यामुळे कोण कुणाखाली हा प्रश्नच येत नाही. बहुतेक माइंड मॅप प्रोग्राममधून आउटलाइन थेट एक्स्पोर्टही करता येते. पुढचं सगळं आहे ते हातात फक्त चित्र असतं तेव्हासाठी.

चित्रातून मजकूर काढणारी ओसीआर साधनं इथे का अडखळतात ते आधी पाहू. ओसीआर पानावरच्या ओळी वाचायला बनलेलं आहे: डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. उदाहरणासाठी एका ग्रंथालयाच्या स्थलांतराचा माइंड मॅप घेऊ. मध्ये ‘ग्रंथालय स्थलांतर’, उजवीकडे वर ‘पुस्तकं’, खाली ‘नवी इमारत’. डावीकडे वर ‘वाचक’, खाली ‘माणसं’. चित्राच्या वरच्या भागातली एक आडवी पट्टी ओसीआरने वाचली, तर असं काहीसं हाती येतं:

```
तारीख  सूचना  वाचक  पुस्तकं  यादी  हरवलेली
```

या ओळीत दोन वेगळ्या फांद्या एकमेकींना चिकटल्या आहेत. शिवाय डावीकडची फांदी उलटी आली आहे. मॅपमध्ये डावीकडे जाताना आपण मध्यापासून बाहेर जातो, म्हणजे आधी ‘वाचक’, मग ‘सूचना’, मग ‘तारीख’. ओसीआरला ते ठाऊक नसल्यामुळे नातू आधी आणि आजोबा शेवटी असा क्रम लागला.

टेसरॅक्टसारखं साधन वापरत असाल तर त्याला ‘हे पान नाही, विखुरलेला मजकूर आहे’ असं सांगता येतं:

```
tesseract map.png out -l mar --psm 11 tsv
```

यातून `out.tsv` नावाची फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक शब्द आणि तो चित्रात नेमका कुठे आहे हे आकड्यांत दिलेलं असतं. टायपिंग वाचतं, हा खरा फायदा. पण ‘नवी’ आणि ‘इमारत’ हे दोन वेगळे शब्द म्हणून येतात, आणि कोणती चौकट कुठल्या चौकटीला जोडलेली आहे याबद्दल त्या फाइलमध्ये एक अक्षरही नसतं. ते काम डोळ्यांनीच करावं लागतं. चौकटींऐवजी शब्दाखाली नुसती रेघ असलेला मॅप असेल, तर मराठीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: अक्षराखालचे उकार त्या रेघेत मिसळून गायब होऊ शकतात. असा मजकूर चित्राशी पुन्हा ताडून पाहावा.

आता मुख्य गोष्ट. माइंड मॅपमध्ये मधली चौकट सोडली तर प्रत्येक चौकटीला पालक एकच असतो. एका चौकटीची अपत्यं कितीही असू शकतात. पालक मात्र एकच. म्हणून ‘या चौकटीखाली काय काय येतं?’ असं विचारत गेलं तर उत्तर किती लांब आहे ते आधी कळत नाही आणि एखादं अपत्य सुटून जातं. ‘ही चौकट कुणाखालची?’ असं विचारलं तर उत्तर एकच असतं. सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

रेघही अपत्याच्या टोकापासून पालकाकडे धरत जावी. याला कारण चित्रातच आहे. पालकाच्या टोकाला सगळ्या वक्र रेघा एका बिंदूत मिळतात आणि थोड्या अंतरापर्यंत एकमेकींवर चढून जातात. तिथून सुरुवात केली तर कुठली रेघ कुठली हे ओळखू येत नाही. अपत्याच्या टोकाला रेघ एकटी असते. तिथे बोट ठेवून आत यावं. ती ज्या बिंदूत मिळेल, तो पालक. काही मॅपमध्ये वक्र रेघांऐवजी काटकोनी रेघा असतात आणि सगळ्या अपत्यांसाठी एकच उभा दांडा असतो. तिथेही हेच करायचं: अपत्यापासून दांड्यापर्यंत आणि दांड्यावरून ज्या एका चौकटीकडे रेघ जाते तिथवर.

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: क्रमांक, मजकूर, पालकाचा क्रमांक. चौकटींना क्रमांक देताना क्रमाची चिंता नको, फक्त एकही चौकट बिनक्रमांकाची राहू नये. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून तिच्यावर पेनाने आकडे टाकले तर फार बरं पडतं. आपल्या उदाहरणातली उजवी बाजू मी चित्रात दिसते तशी, उभ्या रांगांनी क्रमांक देत लिहिली आहे:

```
१   ग्रंथालय स्थलांतर   –
२   पुस्तकं             १
३   नवी इमारत          १
४   यादी               २
५   खोकी भरणं          २
६   रॅक                ३
७   वीज                ३
८   हरवलेली            ४
९   फाटलेली            ४
१०  क्रमांक             ५
११  मुदत               ५
१२  मोजमाप             ६
१३  मुदत               ६
```

या तेरा ओळींत दोनदा ‘मुदत’ आली आहे: एक खोकी भरण्याची, एक रॅक बसवण्याची. नुसते शब्द लिहिले असते तर त्या एकमेकींपासून ओळखता आल्या नसत्या. तक्त्यात एकीचा पालक ५ आहे, दुसरीचा ६. म्हणूनच पालकाच्या रकान्यात शब्द न लिहिता क्रमांक लिहायचा. उरलेल्या डाव्या बाजूला ‘यादी’ आणखी दोनदा येते, तिथे तर शब्दांवर विसंबलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

तक्ता भरताना डोळा फसतो तो जवळपास ठरावीक जागी, आणि त्या जागा माहीत असल्या की बरंच काम सोपं होतं.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जवळीक. चित्रात ११ क्रमांकाची ‘मुदत’ ही ‘पुस्तकं’ फांदीची सगळ्यात खालची चौकट आहे. तिच्या लगेच खाली, त्याच उभ्या रांगेत, १२ क्रमांकाचं ‘मोजमाप’ आहे आणि ते ‘नवी इमारत’ फांदीतलं पहिलं पान, म्हणजे जिच्याखाली आणखी काही नाही अशी टोकाची चौकट, आहे. दोन फांद्यांच्या सीमेवरच्या या चौकटी एकमेकींना खेटून असतात, आपापल्या पालकापासून मात्र दूर. नजर त्यांची जोडी लावते. अशा ठिकाणी रंग उपयोगी येतो. बऱ्याच प्रोग्राममध्ये प्रत्येक मुख्य फांदीला एक रंग असतो आणि तो शेवटच्या पानापर्यंत जातो. ‘मुदत’ निळी आणि ‘मोजमाप’ हिरवं असेल तर वाद मिटला. स्क्रीनशॉट काळा-पांढरा असेल, तर सीमेवरच्या चौकटींच्या रेघा चित्र मोठं करून, एकेक करून तपासायच्या.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे चौकट किती बाहेर सरकलेली आहे ते अंतर. बाहेर जाईल तेवढी पातळी खोल, असं आपण गृहीत धरतो. पण ‘खोकी भरणं’ हा मजकूर ‘यादी’पेक्षा लांब आहे, त्यामुळे त्याची अपत्यं, ‘क्रमांक’ आणि ‘मुदत’, ही ‘हरवलेली’ आणि ‘फाटलेली’ यांच्यापेक्षा थोडी जास्त उजवीकडे पडतात. अंतर बघून आउटलाइन लिहिणारा त्यांना एक पायरी जास्त आत सरकवतो. खरं तर चारही एकाच पातळीवर आहेत. पातळी अंतरावरून ठरवायचीच नाही, ती मोजायची. ११ चा पालक ५, ५ चा पालक २, २ चा पालक १. मध्यापर्यंत तीन उड्या झाल्या, म्हणून ११ ला तीन पायऱ्या आत. १० लाही तीन, ८ लाही तीन.

तिसरी गोष्ट छोटी आहे. एका चौकटीतला मजकूर लांब असला की दोन ओळींत मोडतो. आपल्या मॅपमध्ये ‘वाचक’ खाली ‘घेतलेली पुस्तकं’ ही अशी चौकट आहे. वर ‘घेतलेली’, खाली ‘पुस्तकं’. चौकटीला कडा नसेल तर या दोन वाटतात. रेघा किती येतात ते पाहा: एक रेघ म्हणजे एक चौकट.

तक्ता पूर्ण झाला की आउटलाइन त्यातून जवळजवळ आपोआप निघते. नियम एवढाच, की आधी पोटातलं संपवायचं, मग शेजारी जायचं. १ लिहिला. त्याचं पहिलं अपत्य २. आता ३ कडे जायचं नाही, कारण २ च्या पोटात ४ आहे. ४ च्या पोटात ८ आणि ९. ते लिहिले की ४ संपला, म्हणून शेजारचा ५, त्याच्या पोटातले १० आणि ११. आता २ पूर्ण झाला, मग ३. संपूर्ण मॅप असा उतरतो:

```
ग्रंथालय स्थलांतर
    पुस्तकं
        यादी
            हरवलेली
            फाटलेली
        खोकी भरणं
            क्रमांक
            मुदत
    नवी इमारत
        रॅक
            मोजमाप
            मुदत
        वीज
    वाचक
        सूचना
            तारीख
            नवा पत्ता
        घेतलेली पुस्तकं
    माणसं
        कर्मचारी
            यादी
        स्वयंसेवक
            यादी
            मुदत
```

इथे मी उजवी बाजू आधी घेतली आणि प्रत्येक बाजूला वरून खाली आलो. काही मॅप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचायचे असतात. मग उजवीकडून खाली उतरून डावीकडे वर चढायचं, आणि ‘माणसं’ ही फांदी ‘वाचक’च्या आधी येते. मॅपवर क्रमांक घातले असतील तर तेच पाळावेत. नसतील तर एक क्रम ठरवून तो शेवटपर्यंत ठेवावा. मुख्य फांद्यांचा क्रम बदलल्याने कुणाचा पालक बदलत नाही, म्हणून ही चूक जवळीकीच्या चुकीइतकी गंभीर नाही. पण मॅप करणाऱ्याने कामाचा क्रम म्हणून फांद्या मांडल्या असतील, तर त्याला विचारून घेणं चांगलं.

आता तपासणी. पहिली तपासणी मोजणीची आहे. प्रत्येक चौकटीला, मधली सोडून, आत येणारी एकच रेघ असते, म्हणून रेघा चौकटींपेक्षा बरोबर एकने कमी असायला हव्यात. चित्रातल्या चौकटी रंगांनुसार मोजल्या तर ‘पुस्तकं’ फांदीत ७, ‘नवी इमारत’मध्ये ५, ‘वाचक’मध्ये ५, ‘माणसं’मध्ये ६ आणि मधली १, मिळून २४. रेघा २३ हव्यात आणि आउटलाइनच्या ओळी २४. ओळी २३ भरल्या तर काहीतरी सुटलं. २५ भरल्या तर मोडलेला मजकूर दोनदा मोजला गेला असण्याची शक्यता जास्त.

दुसरी तपासणी नुसत्या आउटलाइनवर नजर फिरवून होते. वरून खाली येताना पुढची ओळ एका वेळी एकच पायरी आत जाऊ शकते. बाहेर मात्र कितीही पायऱ्या येऊ शकते. ‘मुदत’वरून एकदम ‘नवी इमारत’वर येणं ठीक आहे. पण ‘पुस्तकं’खाली थेट दोन पायऱ्या आत ‘हरवलेली’ आलं असेल, तर मधली चौकट नक्की गळली आहे.

या दोन्ही तपासण्या पार करूनही एक चूक जिवंत राहू शकते: चौकट आहे, पण भलत्याच पालकाखाली. समजा ‘स्वयंसेवक’ हे ‘कर्मचारी’च्या पोटात गेलं. ओळी २४ च राहतील. म्हणून प्रत्येक पालकासाठी एक मोजणी करायची: चित्रात त्याच्यातून बाहेर किती रेघा निघतात आणि आउटलाइनमध्ये त्याच्या लगेच खालच्या पातळीवर किती ओळी आहेत. ‘माणसं’मधून दोन रेघा निघतात, चुकलेल्या आउटलाइनमध्ये त्याखाली एकच ओळ दिसेल. चूक सापडली.

पण अदलाबदल झाली तर ही मोजणीही फसते. सीमेवरची ‘मुदत’ रॅककडे गेली आणि ‘मोजमाप’ खोकी भरण्याकडे आलं, तर दोघांकडेही दोनच अपत्यं राहतात. त्यासाठी काही पानं निवडून त्यांचा मार्ग पानापासून मध्यापर्यंत मोठ्याने वाचावा आणि तोच मार्ग चित्रात बोटाने चालावा. ‘मोजमाप, खोकी भरणं, पुस्तकं’ असं वाचताना बोट हिरव्यावरून निळ्यावर उडी मारतं, आणि लगेच कळतं. वेळ थोडा असेल तर फक्त दोन प्रकारची पानं तपासा: फांद्यांच्या सीमेवरची, आणि ज्यांचा मजकूर एकापेक्षा जास्त ठिकाणी आला आहे ती. आपल्या मॅपमध्ये ‘मुदत’ तीनदा आणि ‘यादी’ तीनदा आहे, म्हणजे काही मिनिटांचंच काम.

चित्रात असं काही असतं जे आउटलाइनमध्ये सरळ बसत नाही. ते गुपचूप वगळू नये आणि ओढूनताणून बसवूही नये. आपल्या मॅपमध्ये ‘सूचना’पासून खोकी भरण्याच्या ‘मुदत’पर्यंत एक तुटक बाणरेषा आहे. करणाऱ्याला म्हणायचं असावं की वाचकांना सूचना देण्याची तारीख या मुदतीवर अवलंबून आहे. पण हे नातं पालक-अपत्याचं नाही. ती रेघ मोजणीत धरली तर रेघा २४ होतात आणि हिशोब बिघडतो. तो बिघडला की तुटक रेघा आधी तपासाव्या, हा त्याचा दुसरा उपयोग. ‘मुदत’ पुन्हा ‘सूचना’खाली लिहिली तर मॅपमध्ये नसलेली चौथी मुदत तयार होते. ओळीच्या शेवटी कंसात टीप द्यावी: ‘सूचना (पाहा: पुस्तकं, खोकी भरणं, मुदत)’. अनेक चौकटींभोवती काढलेला घेर किंवा महिरपी कंसही असाच टीप म्हणून लिहावा.

मिटवलेली फांदी ही त्याहून महत्त्वाची. ‘वीज’च्या कडेला छोटा गोल आणि त्यात ३ हा आकडा दिसत असेल, तर तिच्याखाली चौकटी आहेत, पण स्क्रीनशॉट घेताना फांदी मिटलेली होती. काही प्रोग्राममध्ये आकडा नसतो, नुसता गोल किंवा अधिकचं चिन्ह असतं. ते आउटलाइनमध्ये ‘वीज [३ चौकटी मिटलेल्या]’ असं लिहायलाच हवं, नाहीतर वाचणारा समजतो की विजेबद्दल काही ठरलंच नव्हतं. चित्राच्या कडेला जाऊन तुटलेली रेघही तशीच: ‘पुढचं चित्राबाहेर’ असं लिहून नव्या स्क्रीनशॉटची मागणी करावी. नवा मागवताना सगळ्या फांद्या उघडून, झूम वाढवून, गरज पडल्यास तुकड्यांमध्ये घ्यायला सांगावं. तो चॅटमध्ये फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवायला सांगावं, कारण फोटो पाठवताना चित्र दाबलं जातं आणि बारीक रेघा सगळ्यात आधी पुसट होतात.

शेवटी आउटलाइनच्या आत सरकवण्याबद्दल. प्रत्येक पायरीला एक टॅब किंवा चार स्पेस, यातलं एकच काहीतरी वापरा. दोन्ही मिसळले तर एका खिडकीत सरळ दिसणारी रांग दुसऱ्या खिडकीत वाकडी होते. वर्ड प्रोसेसरमधल्या वरच्या पट्टीवरून डावी कड ओढून मजकूर आत सरकवला, तर तिथे टॅब नसतोच. साध्या मजकुरात कॉपी केल्यावर सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटतात. सरकवणी खरी असेल तर एक सुंदर तपासणी आयती मिळते. फ्रीप्लेनमध्ये नवा नकाशा उघडा, मधली चौकट निवडा आणि आउटलाइन पेस्ट करा. आत सरकवलेल्या ओळींतून तो पुन्हा मॅप बनवतो, आणि तो स्क्रीनशॉटशेजारी ठेवून फांदीला फांदी ताडून पाहता येते.

आउटलाइन मेलमधून किंवा चॅटमधून जाणार असेल, जिथे ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस कधी कधी गळतात, तिथे प्रत्येक ओळीला दशांश क्रमांक द्यावा. मधली चौकट शीर्षक म्हणून राहते, ‘पुस्तकं’ १, ‘खोकी भरणं’ १.२, तिची ‘मुदत’ १.२.२, आणि रॅकची ‘मुदत’ २.१.२. सगळ्या ओळी एका रेषेत आल्या तरी कुठली मुदत कुणाची हे त्या आकड्यांवरून वाचता येतं.